‘घ्या की अजून थोडं’ इंग्रजीत : येळवशीच्या पंगतीसाठी केलेल्या कागदाच्या नोंदी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

चुलतभाऊ इंग्लंडमधल्या लीड्सला नोकरी करतो. नाताळच्या सुट्टीत तो तिघांना घेऊन गावी येतोय. लीड्सचं एक नवराबायकोचं जोडपं आणि त्याच्याच कंपनीतला, मूळ अमेरिकेतल्या ओहायोचा एक पोरगा. ३० तारखेला सोमवारी येळवस आहे, आमच्या लातूरकडचा वेळ अमावस्येचा सण. म्हणजे औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात कडब्याची कोप, समोर पंगत आणि पंगतीत पालेभाज्या-कडधान्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. वाढायला आत्या आणि थोरली काकू. या दोघींनी एका उंड्यावर कुणाला उठू दिल्याचं मला तरी आठवत नाही.

भावाचा निरोप : “ताई, ह्यांच्याकडं एकदा नको म्हटलं की विषय संपतो. तू इंग्रजी शिकवतीस, काहीतरी लिहून ठेव. न्हाईतर पहिल्याच शेतात तिघं आडवे होतील.”

पहिल्याच शेतात म्हणायचं कारण असं की येळवशीला एका शेतावर भागत नाही. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. ज्यांच्याकडं गेलो नाही ते वर्षभर बोलून दाखवतात.

ठरवलंय ते एवढंच : दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद. एका बाजूला वाढणाऱ्यांसाठी इंग्रजी वाक्यं, देवनागरीत लिहिलेली. दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी इंग्रजीत, आपल्याकडचं बोलणं कसं ऐकायचं ते.

८ डिसेंबर, रविवार

आज आत्याकडं तिचे व्याही जेवायला होते. मी वही घेऊन चुलीजवळ बसले आणि आत्या जे बोलली ते क्रमानं लिहून घेतलं. वाक्यं आधीच माहीत होती, मला त्यांचा क्रम हवा होता.

पहिली भाकर संपत आली तेव्हा “घ्या की अजून.” व्याही म्हणाले, “नको नको, बास.” त्यावर “एवढ्यानं काय होतंय?” पुन्हा नको. मग “लाजायलाव का आमच्यात?” पुन्हा नको, पण आता ते हसत होते. मग “आवडलं न्हाई वाटतं कालवण.” यावर व्याह्यांना बोलावंच लागलं, “तसं न्हाई हो, लई झालं.” आत्यानं लगेच “अर्धी तरी घ्या,” म्हणत भाकर मोडली आणि अर्धी ताटात टाकली. ती त्यांनी खाल्ली. पुढं “माझी शप्पथ हाय” म्हणत आमटीची पळी आली, तेव्हा त्यांनी ताटावर वाकून दोन्ही हात आडवे धरले. “आता भातच वाढा थोडा,” म्हणाले. भात आला, त्यावर ताक आलं आणि आग्रह थांबला.

नंतर व्याह्यांना विचारलं, खरं पोट कधी भरलं होतं? म्हणाले, “अर्ध्या भाकरीची जागा ठेवूनच बास म्हणलो होतो. ती येणारच की.”

हे मी वहीत चौकटीत लिहिलं. पहिला नकार दोघांनीही धरलेला नसतो. पाहुणा तो देतानाच पुढच्या आग्रहाची जागा पोटात राखून ठेवतो. लीड्सच्या माणसाला हे ठाऊक नाही. तो खरोखर पोट भरल्यावरच नको म्हणणार, आणि तिथून पुढचं सगळं त्याला जबरदस्ती वाटणार.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला मसुदा शब्दाला शब्द ठेवून केला होता. तो जाणार नाही हे कळत होतं, पण कुठं अडतो ते बघायचं होतं. संध्याकाळी भावाला आणि लीड्सच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी यजमान झाले, त्या पाहुण्या. एकेक वाक्य टाकलं.

“घ्या की” साठी ‘टेक मोअर’ म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, हे शाळेत बाई पोराला सांगतात तसं वाटतं. मराठीत ‘की’ लावलं की आज्ञा मऊ होते, इंग्रजीत ते काम करायला शेवटी काय लावावं ते मला सुचलं नाही. ‘प्लीज’ लावून पाहिलं. मग विनवणी वाटायला लागली आणि त्यांना वाटलं अन्न वाया चाललंय म्हणून संपवायला सांगतायत.

“एवढ्यानं काय होतंय?” चं सरळ भाषांतर त्यांना कळलंच नाही. कशानं काय व्हायचंय? समजावल्यावर म्हणाल्या, म्हणजे माझ्या खाण्यावर लक्ष ठेवून आहेत का? त्यांच्याकडं कुणी किती खाल्लं हे मोठ्यानं बोलणं, मग ते कमी का असेना, चांगलं समजत नाहीत.

“आवडलं न्हाई वाटतं” हे सगळ्यात वाईट गेलं. आपल्याकडं ही लाडिक तक्रार असते, उत्तर ठरलेलं असतं. त्यांनी तो खरा प्रश्न धरला, घाबरून “नो नो, इट्स लव्हली” म्हणाल्या आणि वाढून घ्यायला तयार झाल्या. आत्याच्या हिशेबानं वाक्य लागू पडलं. पण त्या बाई पुढची सगळी वाटी मनाविरुद्ध, अपराधी वाटून खाणार होत्या. हे वाक्य काढलं. “माझी शप्पथ” सुद्धा काढलं. इंग्रजीत शपथ कोर्टात घेतात नाहीतर शिवी देताना, जेवणात तिला जागा नाही.

टिकलं काय, तर तीन. “लाजू नका” म्हणजे ‘डोन्ट बी शाय’, हे त्यांच्यातही म्हणतात. “सावकाश होऊ द्या” साठी ‘टेक युवर टाइम’ बिनतक्रार चाललं, उलट त्यांना फार आवडलं. आणि “अर्धी तरी” म्हणजे ‘जस्ट अ हाफ?’. याचं मला नवल वाटलं. अर्ध्यावर दोघांनाही माघार घेता येते. बाई म्हणाल्या, माझी आजीही असंच करायची, केकचा तुकडा सुरीनं आणखी बारीक करत जायची. म्हणजे आग्रह त्यांच्याकडं अजिबात नाही असं नव्हे. एकदा विचारतात, फार तर ‘आर यू शुअर?’ म्हणून दुसऱ्यांदा, आणि थांबतात. तिसऱ्यांदा विचारलं की पाहुण्याला आपलं ऐकलंच नाही असं वाटतं.

२२ डिसेंबर, रविवार

दुसरा मसुदा वेगळ्या पद्धतीनं केला. वाक्याला वाक्य शोधणं सोडून आत्याच्या सगळ्या आग्रहाला इंग्रजीच्या दोन वेळा वाटून दिल्या.

पहिली वेळ, खरा प्रश्न : ‘वुड यू लाइक सम मोअर?’ होकार आला तर वाढा. नकार आला तर हातातली पळी खाली.

दुसरी वेळ, थोड्या वेळानं आणि प्रश्न न विचारता : ‘देअर इज प्लेंटी, हेल्प युवरसेल्फ.’ म्हणजे भरपूर आहे, हातानं घ्या. आणि भांडं त्यांच्या हाताला येईल असं ठेवून द्या. भांडं समोर असलं की इंग्रजी बोलणारा माणूस वाटलं तर आपण होऊन घेतो, पण पळी ताटाच्या दिशेनं आली की बिचकतो.

पंगतीला हे शेवटचं जड जाणार आहे. आपण वाढतो, पाहुणा उष्ट्या हातानं पातेल्यात पळी घालत नाही. काकूनं लगेच हरकत घेतली आणि तिचं बरोबर होतं. तोड अशी निघाली की पाहुण्यांपुढं वेगळ्या छोट्या वाट्यांत भज्जी आणि खीर आधीच ठेवायची, डाव्या हातानं उचलता येईल अशी.

दुपारी आत्या, काकू आणि शेजारच्या शेतातल्या मावशी यांची तालीम घेतली. मी पाहुणी. इथं जे अडलं ते मला सुचलं नसतं. मी “आय ॲम गुड, थँक्स” म्हणाले आणि आत्यानं आनंदानं उंडा टाकला. तिला ‘गुड’ कळलं. मग “इट्स लव्हली, बट...” म्हणाले तर काकूनं ‘लव्हली’ ऐकून भज्जी ओतली. इंग्रजीत नकार असा कौतुकाच्या पाठीमागून येतो, आणि आमच्या बायकांना कौतुकापुरतंच इंग्रजी येतं.

म्हणून वाढणाऱ्यांच्या बाजूला ‘हे म्हटलं म्हणजे नको’ अशी ओळ घातली : ‘आय ॲम गुड’, ‘आय ॲम फाइन’, ‘आय ॲम फुल’, ‘मेबी लेटर’, ‘आय कुडन्ट’. यातल्या ‘मेबी लेटर’वर बराच वेळ गेला. काकूचं म्हणणं, नंतर म्हणाले तर नंतर आणते की. तिला सांगितलं, ते नंतर कधीच येत नसतं. “मग सरळ नको म्हणायला काय होतंय?” हे काकूनं विचारलं, जिनं स्वतः आयुष्यात सरळ हो म्हणून चहा घेतलेला नाही.

‘हे म्हटलं म्हणजे हो’ या ओळीत एकच : ‘गो ऑन देन.’ भावाचा आग्रह होता म्हणून घातलं. लीड्सकडं नको नको म्हणत घेताना हे म्हणतात.

२४ डिसेंबर, मंगळवार

औशाला छापून आणले. साध्या कागदाचे वीस काढले होते, पण दुकानातून घरी येईपर्यंत मावशींनी एक पाहायला घेतला आणि त्यावर हळदीच्या तेलाचा अंगठा उमटला. ताटापाशी कागद टिकणार नाही. लॅमिनेशन करून पुन्हा काढले, एकाला चाळीस रुपये पडले. साधे घरातल्या पोरांना पाठ करायला दिले.

अक्षर मोठं ठेवा. चुलीच्या धुरात कुणी चष्मा लावून बसत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पाहुणे आले. पहिल्याच संध्याकाळी कळलं की ओहायोच्या पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. भावाला माहीत होतं, पण त्यानं ते खाण्याच्या आवडीनिवडीत धरलं होतं. पोराच्या खिशात इंजेक्शनचं पेन असतं म्हणजे प्रकरण साधं नाही. आपल्याकडं कूट कुठं नसतो? भज्जीत तर आख्खे दाणे पडतात. कागदावर मात्र सगळा विचार पोट भरल्याच्या ‘नको’चा केलेला.

रात्री लिहायला बसले. साधं “नको” इथं धोक्याचं आहे, कारण आग्रहात पहिली दोन ‘नको’ धरलीच जात नाहीत. आपल्याकडं वाढणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबवणारा एक शब्द आहे : “चालत नाही.” उपवास असो, नवस असो, पथ्य असो, ‘मला चालत नाही’ म्हटलं की आग्रह बंद होतो, कारण ती आवड राहत नाही, नियम होतो. पोराला तो पाठ करायला दिला, “मला शेंगदाणे चालत नाहीत.” चार-पाच वेळा म्हणून त्याला जमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूवर प्रयोग केला. त्यानं म्हटलं, काकू थबकली. मग कौतुकानं म्हणाली, “अगं बया, उपास धरलाय का पोरानं?” आणि साबुदाण्याची खिचडी करायला उठली. त्या खिचडीत वाटीभर कूट.

तेव्हा त्याच्यासाठी वेगळं कार्ड केलं, त्यानं बोलण्याऐवजी दाखवायचं. मोठ्या मराठी अक्षरांत : “मला शेंगदाणे चालत नाहीत. उपवास नाही. खाल्ले तर श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागतं. कूट, चटणी, शेंगदाणा तेल नको. ज्या पळीनं शेंगदाण्याचं वाढलं ती पळीही नको.” शेवटच्या वाक्यावर काकू म्हणाली, एवढं कशाला? पण पंगतीत एकच पळी भज्जीतून खिरीत जाते हे तिलाच माहीत. ‘दवाखाना’ हा शब्द वाचल्यावर तिनं स्वतःच त्याची भज्जी वेगळ्या पातेल्यात, करडईच्या तेलात करायचं ठरवलं.

कुणी असा कागद करणार असेल तर हे कार्ड आधी करा, बाकीचं मागून.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

आमचं शेत. आत्यानं ‘वुड यू लाइक सम मोअर’ अगदी स्पष्ट म्हटलं. बाई म्हणाल्या, “आय ॲम फाइन, थँक यू.” आत्याची पळी खाली गेली. मग आत्या गप्प बसली आणि तिचा चेहरा पडला. पंगतीत कुणी बोलेना. तिकडं बाईंनी भावाला हळूच विचारलं, माझं काही चुकलं का? पाहुण्यांच्या बाजूला लिहिलं होतं की यजमान पुन्हा पुन्हा विचारतील, तो मायेचा भाग असतो. आणि इथं तर कुणी पुन्हा विचारलंच नाही. दोन्ही बाजूंनी आपापला कागद पाळला होता आणि त्यामुळंच दोघी अवघडल्या.

भांडी जवळ ठेवण्याची युक्ती अर्धीच चालली. ओहायोच्या पोरानं आपली खीर दोनदा उचलून घेतली. त्याची भज्जीही वेगळी असल्यामुळं त्याच्याकडं कुणाचा आग्रह वळला नाही. लीड्सच्या जोडप्यानं वाट्यांना हात लावला नाही. त्यांना वाटलं ते नैवेद्याचं आहे. पांडवांची पूजा नुकतीच डोळ्यांपुढं झालेली, तेव्हा तसं वाटणं बरोबर होतं.

दुसऱ्या शेताकडं निघताना धुऱ्यावरच थांबून मी बाईंना व्याह्यांची गोष्ट सांगितली. सुरुवातीला अर्धंच मागा. “थोडं” म्हणा आणि बोटानं दाखवा. उरलेल्या अर्ध्याची जागा ठेवा. पहिल्यांदा विचारतील तेव्हा नको म्हणा. दुसऱ्यांदा अर्धं घ्या. एकूण एकच उंडा होतो, पण आग्रह केला आणि मान राहिला असं दोघांनाही वाटतं. तिसऱ्यांदा पळी आली की दोन्ही हात ताटावर आडवे, आणि “बास, पोट भरलं.” मावशींना मी त्यांचा कागद बाजूला ठेवायला सांगितला. दोनदा काय म्हणायचं ते म्हणा, मराठीतच, पण हात ताटावर आला की थांबा.

मावशी म्हणाल्या, “घ्या की, एवढ्यानं काय होतंय?” बाईंना शब्द कळले नाहीत. सूर कळला. हसून मान हलवली. मावशींनी उंडा मोडला, अर्धा पुढं केला. बाई म्हणाल्या, “ओह, गो ऑन देन.” मावशींना ती ओळ पाठ होती! त्यांनी अर्धा उंडा टाकला आणि पदराला हात पुसत आम्हा सगळ्यांकडं बघितलं. तिसऱ्या वेळी भज्जीवर दोन्ही हात आडवे आले, आणि “बास” बाईंनी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या बांधावरचे लोक वळून बघायला लागले.

बाईंचा नवरा मात्र फसला. त्यांनी एकच हात धरला आणि बाजूनं खीर आली. दोन्ही हात म्हणजे दोन्ही हात.

तिसऱ्या शेतात कागद लागला नाही. तिथं नुसती आंबील घेतली. “दोन शेतांवर जेवून आलोय” हे भावानं सांगितलं की तेवढ्यावर भागतं. येळवशीला हे कारण सगळ्यांना मान्य असतं. ते कागदावर यायला हवं होतं, कारण भाऊ बरोबर नसला तर पाहुण्याला हे सांगता येणार नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाहुणे काल गेले. कागद पुन्हा लिहिला, निम्म्यानं लहान झाला.

वाढणाऱ्यांच्या बाजूची इंग्रजी वाक्यं जवळजवळ सगळी काढली. राहिली ती ‘जस्ट अ हाफ?’ आणि ‘टेक युवर टाइम’. बाकी त्यांनी आपल्या भाषेतच म्हणावं, सूर पाहुण्याला पोचतो. ‘हे म्हटलं म्हणजे नको’ ची ओळ ठेवली, तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तिच्याखाली सूचना : पहिलं नको ऐकल्यावर एकदा विचारा, अर्धं पुढं करा, हात आडवा आला की थांबा. वाट्यांपाशी ‘हे तुमच्यासाठी आहे’ असं तोंडानं सांगा.

पाहुण्यांच्या बाजूला आधी आग्रहावर आख्खा परिच्छेद होता, तो गेला. आता तिथं अर्धं मागण्याची रीत आहे, दोन्ही हातांचं चित्र आहे, “थोडं”, “बास, पोट भरलं” आणि “दोन शेतांवर जेवून आलोय” हे इंग्रजी अक्षरांत आहे. ताट रिकामं केलं की पुन्हा भरतं हेही आहे. बाईंचे नवरे घरी वाढलेलं सगळं संपवणं हा शिष्टाचार समजत होते आणि दर वेळी त्यांचं ताट नव्यानं भरत होतं. शेवटचा घास ताटात ठेवून हात आडवा धरायचा आणि मग तो खायचा, असं लिहिलंय. टाकून द्यायचा नाही, आत्याला ते खपत नाही.

ॲलर्जीचं कार्ड वेगळंच राहील, लाल पट्टीचं. तिळाचं दुसरं करायचं आहे. संक्रांत १४ तारखेला आहे आणि तिळगुळाला नको म्हणणं येळवशीच्या उंड्याहून अवघड. मावशींच्या पोरीच्या सासरी पुण्याहून ऑस्ट्रेलियाचे कुणी येणार आहेत म्हणे, त्यांना विचारून घ्यायला सांगितलंय, तीळ चालतात का.